मन स्वच्छ, श्वास दोषी

दिल्लीत रात्रीच्या नाकाबंदीत अडवलेला गाडीवाला हमखास एकच वाक्य बोलतो: ‘साहेब, मी पूर्ण शुद्धीत आहे.’ पोलिसाच्या हातातल्या ब्रेथ अॅनालायझरला त्याची शुद्ध कळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले आणि माणूस गाडी चालवत असला की गुन्हा झाला. आपण मर्यादा ओलांडली हे त्याला माहीत होते का, हा प्रश्नच उद्भवत नाही.

यावरचा आक्षेप जुना आहे आणि वजनदारही आहे. मनात पाप नसेल तर शिक्षा कसली? खुनात हेतू शोधायचा आणि इथे तो विचारायचाही नाही, हा न्याय की सोय?

खरे तर हा आक्षेप इथे फिट बसत नाही. स्वतःच्या रक्तातले मिलिग्रॅम कोणालाच कळत नाहीत. ज्ञान सिद्ध करण्याची अट घातली, तर एकही खटला टिकणार नाही. त्यातही गंमत अशी, की दारू जितकी चढते तितका माणूस स्वतःला सावध समजतो. म्हणजे सर्वांत धोकादायक चालकालाच सर्वांत चांगला बचाव मिळेल. पिऊन किल्ली फिरवणे हा निर्णय त्याचाच असतो, आणि जबाबदारी तिथेच ठेवलेली आहे. टॅक्सी बोलावणे त्याला शक्य होते.

पण कोणी गुपचूप सरबतात दारू मिसळली तर? इथे कायदा कठोर वाटतो हे मान्य. मात्र पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. किमान कैद सक्तीची नाही. त्यामुळे न्यायाधीशाला परिस्थिती पाहायला जागा उरते.

शिक्षा जिथे याहून कितीतरी जड आहे, तिथे मन वगळणे मला मुळीच मान्य नाही. दिल्ली विमानतळावर एक्स-रे यंत्रात प्रवाशाच्या बॅगेत एकच जिवंत काडतूस दिसते. बॅग भावाची असते, काडतूस त्याच्या परवान्याच्या पिस्तुलाचे. शस्त्र कायद्यात याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९७२च्या गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ताबा म्हणजे जाणिवेसह ताबा असे स्पष्ट केले आणि अशा जाणिवेचा पुरावा नसलेले बॅगेतल्या काडतुसांचे अनेक गुन्हे दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केले. मद्यप्याने निदान पेला उचललेला असतो. या प्रवाशाने जाणूनबुजून काहीच केलेले नसते, आणि त्याला तुरुंगात टाकून पुढचा प्रवासी जास्त सावध होईल तो फक्त बॅग उसनी घेताना.

म्हणून मद्याच्या खटल्यात वकिलांनी अशिलाच्या निर्मळ मनाचे गोडवे गाण्याऐवजी यंत्राकडे बघावे. ते शेवटचे कधी तपासून घेतले होते, छापील पावतीवर वेळ आणि आकडा आहे का, फुंकर घेणाऱ्या पोलिसाने साक्षीत काय सांगितले? मन बाजूला ठेवले की सगळा भार त्या आकड्यावर येतो, आणि तो सिद्ध करणे सरकारचेच काम राहते.