टायरच्या कडेवरचे आकडे

पावसाळा तोंडावर आला की गाडीचे टायर बदलण्याचा विचार घराघरांत सुरू होतो. दुकानदार दाखवील तो टायर घेण्याआधी त्याच्या कडेवर काय छापले आहे, ते वाचता आले पाहिजे. ते कसे वाचायचे, हे आम्ही एका उदाहरणाने सांगतो.

समजा, पाच माणसांचे कुटुंब आहे, छोटी गाडी आहे आणि गाव कोकणात आहे. महामार्ग डांबरी, पण घरापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर तांबड्या मातीचे. टायरवर 165/80 R14 85T असे लिहिलेले आहे. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. R म्हणजे रेडियल बांधणी आणि १४ हा रिमचा व्यास, इंचांत. शेवटचा ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा. असा एक टायर ५१५ किलो पेलतो. T म्हणजे ताशी १९० किलोमीटर ही वेगमर्यादा.

दुकानात ८२ आकड्याचा टायर थोडा स्वस्त मिळेल, पण तो ४७५ किलोच पेलतो. चार टायरांत १६० किलोंचा फरक पडतो. घरची सगळी माणसे आणि सामान भरून निघणाऱ्यांनी कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली उतरू नये. तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो.

नंतर चार आकडी तारीख शोधावी. 3524 म्हणजे २०२४ सालचा ३५वा आठवडा. बाहेरच्या कडेवर ती दिसली नाही, तर आतल्या कडेवर पाहावी. न वापरलेला टायरही पडून राहिला की त्याचे रबर कडक होत जाते आणि ओल्या रस्त्यावरची पकड घटते.

आता नक्षी. चिखलाचा रस्ता आहे म्हणून मोठ्या ठोकळ्यांचा, M+S छापलेला टायर घ्यावा का? आमचे मत, नाही. मातीच्या रस्त्यावर गाडी ताशी पंधराने चालते, महामार्गावर ऐंशीने. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगून घसरण्याचा धोका वेगात असतो. म्हणून पाणी बाहेर काढणाऱ्या रुंद, सलग उभ्या खाचांचा साधा टायर बरा. वाट खरोखर चिखलात रुतवणारी असेल, तरच ठोकळ्यांचा विचार करावा.

खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. कडेवर TWI किंवा त्रिकोणाची खूण असते, त्या रेषेत पाहिले की ते सापडतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली. ती कायद्याची मर्यादा आहे. पण मुसळधार पावसासाठी खाच तीन मिलिमीटरवर येताच टायर बदललेला चांगला.

दोनच टायर घेणार असाल, तर नवे मागे बसवा, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना असली तरी. पुढचे टायर घसरले तर वेग कमी करून गाडी बहुधा सावरता येते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते आणि मग सावरायला वेळ मिळत नाही.