काळी चंद्रकळा राखाडी का दिसते?

नवा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला आणि रंग धुतल्यासारखे दिसू लागले, की दोष बहुतेक वेळा पॅनेलवर किंवा केबलवर टाकला जातो. दुकानदारही सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांची महाग केबल पुढे करतो. ती केबल घेऊन काही फरक पडणार नाही. एचडीएमआयमधून आकडे जातात. केबल खराब असेल तर चित्रात ठिपके चमकतात, पडदा मधूनच काळा होतो किंवा सिग्नलच जातो. सगळं चित्र एकसारखं फिकट करणं केबलला जमत नाही. फिकटपणाचं कारण बरेचदा एका सेटिंगमध्ये असतं. ते शोधायला पाच मिनिटं लागतात, पण ते असतं हेच कुणी सांगत नाही.

साताऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओचं उदाहरण घेतो, कारण नुकसान किती खरं असतं ते त्यात दिसतं. तिथे अल्बम डिझाइन करणाऱ्या मुलाच्या जुन्या संगणकाला व्हीजीए केबलने २४ इंची मॉनिटर जोडलेला होता आणि काम व्यवस्थित चाललं होतं. नव्या ग्राफिक्स कार्डाला व्हीजीएची जागाच नव्हती, म्हणून तोच मॉनिटर एचडीएमआयने जोडला. जानेवारीत पहिल्या संक्रांतीचे फोटो आले. नवी सून काळ्या चंद्रकळेत, गळ्यात आणि कानात पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने. पडद्यावर साडी राखाडी आणि हलवा मळकट दिसला. मुलाने फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये डावी कडी आत ओढून काळं गडद केलं, उजवी ओढून पांढरं उजळ केलं. पडद्यावर छान दिसलं. लॅबमधून प्रिंट आल्या तेव्हा साडीच्या निऱ्या गायब होत्या, सगळा काळा डाग. हलव्याच्या दाण्यांवरचे काटेही पांढऱ्यात विरून गेले होते. लॅबशी भांडण झालं. लॅबची काही चूक नव्हती.

आता कारण. आठ बिटांच्या चित्रात लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा पायऱ्या असतात. संगणक ० म्हणजे निखळ काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा धरतो. ही फुल रेंज. टेलिव्हिजनच्या जगाची मोजणी वेगळी आहे. १९८२ साली डिजिटल व्हिडिओचं मानक ठरलं तेव्हा काळ्यासाठी १६ आणि पांढऱ्यासाठी २३५ हे आकडे नेमले गेले. अॅनालॉग सिग्नल उसळी मारून वरखाली जात, म्हणून दोन्ही टोकांना मोकळी जागा ठेवली होती. ही लिमिटेड रेंज. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर अजून हीच वापरतात. टीव्हीला १६ म्हणजे काळा हे ठाऊक असल्यामुळे तो चित्र पुन्हा ताणून बरोबर दाखवतो. म्हणजे लिमिटेड रेंज मुळात वाईट नाही. गडबड होते ती पाठवणाऱ्याने एक मोजणी धरली आणि दाखवणाऱ्याने दुसरी, तेव्हा.

एचडीएमआयचा जन्म टीव्हीसाठी झाला आणि तिथला जुना नियम असा की रिझोल्यूशन टीव्हीच्या यादीतलं असेल तर दुसरं काही सांगितलेलं नसताना लिमिटेड रेंज समजायची. १९२०×१०८० आणि ६० हर्ट्झ हे त्या यादीत आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य मॉनिटरांचं रिझोल्यूशनही नेमकं तेच. त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर समोर टीव्ही आहे असं धरून १६ ते २३५ पाठवतो, आणि मॉनिटर संगणकाचा असल्यामुळे ० ते २५५ ची वाट पाहतो. सिग्नलसोबत रेंज कोणती ते सांगणारी छोटी नोंदही पाठवता येते, मॉनिटरही आपली क्षमता संगणकाला कळवू शकतो. पण ही नोंद पाठवणं आणि मानणं दोन्ही बाजूंनी नीट होतंच असं नाही. व्हीजीएत हा घोळ नव्हता, म्हणून जुन्या केबलवर चित्र चांगलं दिसायचं. डिस्प्लेपोर्टवरही संगणक सहसा फुल रेंजच पाठवतो.

फरक किती पडतो? संगणकाचा ० हा १६ होऊन जातो आणि मॉनिटर त्याला गडद राखाडी समजून उजळतो. २५५ चा २३५ होतो आणि पांढऱ्याचा उजेड साधारण ८४ टक्क्यांवर येतो. हजारास एक कॉन्ट्रास्ट असलेल्या नेहमीच्या पॅनेलवर गॅमा २.२ धरून हिशेब केला, तर काळा तिपटीहून अधिक उजळ होतो आणि कॉन्ट्रास्ट जवळजवळ २५० ला १ एवढाच उरतो. चार भागांतले तीन गेले. म्हणून त्या मुलाला साडी राखाडी दिसली. फाइलमधला काळा १२ असेल तर पडद्यावर तो २६ म्हणून उमटत होता. त्याने निस्तरला मॉनिटरचा दोष, पण बिघडली फाइल.

हा दोष ओळखायची सर्वात भरवशाची खूण म्हणजे स्क्रीनशॉट. रेंजचा बदल चित्र संगणकातून बाहेर पडताना होतो, स्क्रीनशॉट त्याआधीच्या चित्राचा निघतो. तो फोनवर पाठवा. तिथे रंग भरदार आणि मॉनिटरवर फिकट असतील तर फाइल आणि प्रोग्रॅम दोन्ही निर्दोष आहेत. फोनने मॉनिटरचा फोटो काढून मात्र काही ठरवू नका, कॅमेरा उजेड आपल्या मर्जीने बदलतो. दुसरी खूण: खोलीतला दिवा मालवून पडदाभर काळं चित्र लावा आणि मॉनिटरच्या बटणांनी त्याचा मेनू उघडा. मेनू मॉनिटर स्वतः काढतो. त्याची काळी पार्श्वभूमी भोवतालच्या काळ्याहून स्पष्ट गडद दिसली, तर रेंज जुळलेली नाही. तिसरी: मॉनिटर ७५ हर्ट्झ घेत असेल तर तो दर निवडा. १०८० रेषांचं ७५ हर्ट्झ टीव्हीच्या यादीत नाही, त्यामुळे रंग एकदम गडद झाले तर निदान पक्कं.

विंडोजमध्ये एचडीआर चालू असल्यानेही साधे रंग फिके पडतात. ते आधी बंद करून पाहा, म्हणजे दोन दोषांची गल्लत होणार नाही.

आता दुरुस्ती. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर NVIDIA Control Panel उघडून Change resolution या पानावर खाली या. तिथे Use NVIDIA color settings निवडा, Output color format मध्ये RGB ठेवा, Output dynamic range मध्ये Full करा आणि Apply दाबा. पुष्कळ जण इथे अडतात, कारण Full हा पर्यायच दिसत नाही. रंगाचा प्रकार YCbCr असेल तर फक्त Limited मिळतं. आधी RGB, मग Full. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये Pixel Format असतं, त्यात Full RGB लिहिलेला पर्याय घ्यायचा. इंटेलच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या विभागात Quantization Range शोधा आणि Full करा. लिनक्सवर इंटेलचं ग्राफिक्स आणि एक्स११ असेल तर टर्मिनलमध्ये एक ओळ पुरते. पोर्टचं नाव आधी नुसतं xrandr चालवून पाहून घ्या.

```
xrandr --output HDMI-1 --set "Broadcast RGB" "Full"
```

संगणकाकडे हा पर्याय नसेल तर मॉनिटरकडून जुळवा. कुठे त्याला HDMI Black Level म्हणतात, कुठे Black Level, कुठे HDMI RGB PC Range. शेवटच्या प्रकारात ०–२५५ आणि १६–२३५ असे आकडेच लिहिलेले असतात, आणि सगळ्या कंपन्यांनी तसंच लिहावं असं मला मनापासून वाटतं. Low आणि Normal या शब्दांवरून कुणाला काय कळणार? सहसा Low म्हणजे मॉनिटर १६ ला काळा मानेल.

एक ताकीद आहे. बदल एकाच बाजूने करा. संगणकावर फुल केलं आणि मॉनिटरलाही लिमिटेड धरायला सांगितलं, तर उलटा दोष येतो: १६ पर्यंतचं सगळं काळं एकसारखं आणि २३५ च्या वरचं सगळं पांढरं एकसारखं. असं चित्र पहिल्या नजरेला झकास वाटतं, भरदार वाटतं, म्हणून जास्त धोक्याचं. पेंटमध्ये निखळ काळ्यावर ८ आणि १६ च्या राखाडी छटांचे चौकोन काढा, पांढऱ्यावर २४० आणि २४८ चे. रेंज बरोबर असेल तर १६ चा चौकोन अंधाऱ्या खोलीत पुसट का होईना दिसतो आणि २४० चाही दिसतो. दोन्ही नाहीसे झाले तर आपण जास्त ताणलं आहे. टीव्हीलाच मॉनिटर म्हणून वापरणाऱ्यांकडे हे वारंवार होतं. पुष्कळ टीव्हींवर त्या एचडीएमआय इनपुटला PC असं नाव किंवा चिन्ह दिलं की तो संगणकाची मोजणी मानतो.

डेस्कटॉप ठीक पण फक्त चित्रपट फिके, असं असेल तर जागा वेगळी. एनव्हिडियाच्या त्याच पॅनेलमध्ये Adjust video color settings या पानावर Advanced खाली व्हिडिओची स्वतंत्र Dynamic range असते, ती Full (0-255) करायची.

ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट किंवा गॅमा फिरवून हा दोष झाकण्याला माझा विरोध आहे. लिमिटेडमध्ये २५६ पायऱ्यांच्या २२० झालेल्या असतात. त्या कॉन्ट्रास्टने ताणल्या तर आभाळासारख्या सावकाश बदलणाऱ्या रंगात पट्टे उमटतात, आणि टोकं नेमकी जुळली की नाही हे कळायला मार्ग राहत नाही.

साताऱ्यात पॅनेल उघडून RGB आणि Full केल्यावर चंद्रकळा काळी झाली. पण दुरुस्ती तिथे संपत नाही. हे सेटिंग प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळं असतं आणि ड्रायव्हर नव्याने बसला की पूर्ववत होऊ शकतं, म्हणून अपडेटनंतर काळ्या पडद्याची तपासणी पुन्हा करावी लागते. चुकीच्या पडद्यावर दुरुस्त केलेल्या जेपीजी फाइलींमध्ये जे आकडे ० आणि २५५ वर ढकलले गेले ते परत येत नाहीत. मुलाने कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली काढल्या, संक्रांतीचा अल्बम पहिल्यापासून केला आणि एकच पान आधी लॅबला पाठवून प्रिंटमध्ये निऱ्या मोजून घेतल्या.