मानेचा पट्टा नको, साधा की-बोर्ड घ्या

मान दुखते म्हणून आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांत विशी-बाविशीतली मुले-मुली आता सर्रास दिसतात. बहुतेकांच्या पिशवीत एक्स-रे असतो आणि अनेकांच्या गळ्याला पट्टा. घरी अभ्यासाला टेबल आहे का, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी विचारलेले असते. माझ्या मते तपासणीतला पहिला प्रश्न तोच असायला हवा.

लॅपटॉपची मूळ अडचण त्याच्या बांधणीतच आहे. त्याचा पडदा आणि की-बोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर हवा आणि की-बोर्ड कोपरांच्या उंचीवर. या दोन जागांमध्ये दीड फुटाचे तरी अंतर असते. त्यामुळे लॅपटॉप वर उचलला तर खांदे आखडतात आणि खाली ठेवला तर मान वाकते. टेबलावर हा त्रास थोडा कमी होतो, पलंगावर किंवा सोफ्यावर तो सर्वांत जास्त. मांडीवरच्या लॅपटॉपच्या पडद्याची वरची कडसुद्धा डोळ्यांच्या जवळजवळ फूटभर खाली असते. त्यात गादी मऊ. ती दबली की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि डोके आपोआप पुढे येते.

आपल्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो. ते खांद्यांच्या बरोबर वर असेल तर मणके ते सहज पेलतात. पुढे झुकले, की ते धरून ठेवण्याचे काम मानेमागच्या स्नायूंवर येते. भरलेली बादली अंगाजवळ धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक, तोच इथे. ६० अंश वाकलेल्या मानेवर २७ किलोचा भार येतो, हा आकडा तुम्हीही कुठेतरी वाचला असेल. तो न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदाने २०१४ मध्ये गणिती प्रारूपावरून काढलेला अंदाज आहे, माणसांच्या मानेवर मोजलेला भार नव्हे. म्हणून त्याने घाबरू नये. मान वाकवणे हा गुन्हा नाही. तासन् तास न हलता ती तशीच ठेवणे त्रासाचे.

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागात स्पर्धा परीक्षांची मुले ‘कॉट बेसिस’वर राहतात. एका खोलीत तीन-चार कॉट, त्याच आपापल्या जागा. अशाच एका विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. वय २३. दोन महिन्यांपासून मानेमागे आणि उजव्या खांद्याच्या फऱ्याजवळ दुखणे, संध्याकाळी डोक्याच्या मागच्या बाजूने चढणारी ठणक. एक्स-रेच्या अहवालात ‘मानेची नैसर्गिक वक्रता कमी झाली आहे’ असे वाक्य होते. ते वाचून तो हादरला होता. कोणीतरी एमआरआय सुचवला होता आणि पट्टा तो महिनाभर वापरत होता.

हातात मुंग्या नव्हत्या, पकड घट्ट होती, प्रतिक्षिप्त क्रिया ठीक होत्या. म्हणजे नसेवर दाब असल्याचे एकही लक्षण नव्हते. मानेचे ते ‘सरळ होणे’ काहीही न दुखणाऱ्या माणसांतही दिसते. एक्स-रे काढताना मान कशी धरली यानेही ते बदलते. एमआरआयची गरज नव्हती. पट्टा सलग वापरला की स्नायू आळसावतात आणि मान अधिकच आखडते, म्हणून तो काढायला सांगितला.

मग विचारले, “लॅपटॉप कुठे ठेवतोस?”

“कॉटवरच, सर. टेबल ठेवायला जागाच नाही. लेक्चर पालथं पडून बघतो, टायपिंग असेल तर मांडीवर.”

त्याला सुचवलेला उपाय असा. लॅपटॉप कॉटवर ठेवायचा, पण आपण खाली बसायचे. जमिनीवर घडी केलेली चादर, पाठीला शेजारच्या कॉटची कड आणि मध्ये उशी, पाय समोरच्या कॉटखाली लांब. कॉट साधारण दीड फूट उंच असते. तिच्यावर दोन जाड पुस्तके आणि त्यांवर लॅपटॉप ठेवला, की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येते. पडदा हातभर अंतरावर ठेवावा. लॅपटॉपच्या बुडाची हवेची छिद्रे पुस्तकांनी झाकली जाणार नाहीत, एवढे पाहावे. की-बोर्ड वेगळा, वायरचा, मांडीवरच्या पाटावर किंवा पुठ्ठ्यावर. खांदे सैल, कोपर अंगालगत. असा की-बोर्ड आणि माऊस मिळून साधारण ६०० ते ८०० रुपयांत येतात, जुने घेतले तर त्याहून कमी. नुसती लेक्चर पाहायची असतील, तर तेही लागत नाहीत.

ज्यांच्याकडे टेबल-खुर्ची आहे त्यांनी लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर वीतभर उंच करावा आणि की-बोर्ड टेबलावर ठेवावा. वेगळा की-बोर्ड न घेता नुसता स्टँड घेणे मात्र टाळा. टायपिंग करताना हात अधांतरी राहतात आणि मानेऐवजी खांदे दुखू लागतात.

बैठक कितीही उत्तम असली तरी अर्ध्या तासाने ती मोडायला हवी. यासाठी घड्याळापेक्षा एक घरगुती युक्ती चांगली: शेजारी लिटरची बाटली न ठेवता पाण्याचे फुलपात्र ठेवा. ते भरायला उठावेच लागते. सोबत एक व्यायाम. समोर बघत हनुवटी सरळ मागे ओढा, वर-खाली नाही. पाच सेकंद धरा, सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुखऱ्या भागावर पंधरा मिनिटे सोसेल इतका गरम शेक.

त्या विद्यार्थ्याची डोकेदुखी दहा-बारा दिवसांत थांबली. मान मोकळी व्हायला पाच आठवडे लागले. साध्या स्नायूंच्या दुखण्यात एवढा वेळ धरावाच. दोन दिवसांत फरक नाही म्हणून उपाय सोडणारेच पुन्हा पट्ट्याकडे वळतात.

मात्र दुखणे हातात उतरत असेल, बोटे बधिर होत असतील, शर्टाची बटणे लावता येत नसतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचे नियंत्रण बदलले असेल, तर लगेच दाखवा. पडल्यानंतर सुरू झालेले, झोपेतून उठवणारे किंवा वजन घटत असताना होणारे दुखणेही अंगावर काढू नये. ताप, जोरदार डोकेदुखी आणि ताठलेली मान एकत्र असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा वेळी एमआरआयचा खर्च सार्थकी लागतो.

बाकीच्यांनी तो पैसा वाचवावा. आणि एक विनंती महाविद्यालयांना आणि वसतिगृहांना. संगणक कक्षातले चालू स्थितीतले जुने की-बोर्ड भंगारात काढण्याऐवजी ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे विद्यार्थ्यांना वापरायला द्या. वसतिगृहातल्या खोलीत कॉट मोजून देता, तसे टेबलही मोजून द्या. त्यानंतरही जी मान दुखेल, ती तपासायला आम्ही आहोतच.