योगा मॅटला जंतुनाशक नको, साबण आणि वारा हवा

योगा मॅटला वास यायला लागला की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. मॅटवर काहीतरी फवारलं जातं. कुणी सॅनिटायझर मारतं, कुणी जंतुनाशक द्राव पाण्यात घालून पुसतं, कुणी टी ट्री तेलाचे थेंब टाकतं. दोन मिनिटांत छान सुगंध येतो, मॅट गुंडाळून कपाटामागे उभी राहते आणि तीन दिवसांनी तोच वास पुन्हा येतो.

त्वचेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या, घरीच व्यायाम करणाऱ्या रुग्णांना मी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतो: "मॅट धुता कशी आणि वाळवता कुठे?" पहिल्या भागाचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्या भागाला बहुतेक जण गप्प होतात. माझं मत स्पष्ट आहे. घरच्या मॅटला आणि डंबेल्सना रोज जंतुनाशकाची गरज नसते. त्यांना थोडा साबण, स्वच्छ पाणी आणि पूर्ण वाळणं लागतं. यातली तिसरी गोष्ट आपण सगळ्यात जास्त टाळतो.

वास घामाचा नसतो

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. घामासोबत मॅटवर त्वचेचं तेल आणि मृत त्वचेचे बारीक कण उतरतात. त्वचेवरचे जीवाणू ते खातात आणि त्यातून वासाची द्रव्यं तयार होतात. या जीवाणूंना वाढायला ओल लागते. व्यायाम संपल्याबरोबर गुंडाळलेली मॅट म्हणजे त्यांच्यासाठी उबदार, दमट आणि अंधारी खोली. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत ती खोली दिवसभर ओलीच राहते.

आता सॅनिटायझर इथे काय करतो ते पाहा. त्यातलं अल्कोहोल काही क्षणांत उडून जातं. तेल आणि मृत त्वचेचा थर मात्र जागच्या जागी राहतो आणि त्या थराखालचे जंतू बऱ्याच अंशी बचावतात. म्हणजे जंतूंचं अन्नही शिल्लक आणि थोडे जंतूही शिल्लक. शिवाय वारंवार अल्कोहोल लावल्याने नैसर्गिक रबर कोरडं पडून त्याला बारीक भेगा पडतात. त्या भेगांत पुढचा मळ आणखी घट्ट बसतो.

साबणाचं काम वेगळं आहे. तो जंतू मारण्यापेक्षा त्यांचं अन्न आणि त्यांना, दोघांनाही सोडवून पाण्याबरोबर घेऊन जातो. भांडी आपण अशीच स्वच्छ करतो आणि त्यात जेवतो.

मॅट कशी धुवायची

आधी मॅट कोणत्या जातीची आहे ते ओळखा. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि दोन-तीन मिनिटं थांबा. थेंब तसाच बसून राहिला तर मॅटची छिद्रं बंद आहेत आणि घाम वरच राहतो. थेंब आत जिरला तर मॅट घामही तसाच पिते. बाजारातल्या बहुतेक स्वस्त मॅट पहिल्या प्रकारच्या असतात. हाताला मऊसर लागणाऱ्या, घामातही न घसरणाऱ्या महागड्या मॅट बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारच्या असतात आणि त्यांना वास लवकर लागतो.

एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा अर्धा चहाचा चमचा पुरे. यापेक्षा जास्त घातलं तर साबणाचा थर मागे राहतो, मॅट निसरडी होते आणि धूळ धरते. मऊ फडकं या पाण्यात बुडवून पिळा आणि मॅटच्या दोन्ही बाजू पुसा. हात, पाय आणि डोकं टेकतं तिथे थोडा जास्त वेळ द्या. मग नुसत्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने दोनदा पुसा. साबण राहिला का हे कळायला ओला तळवा मॅटवर चोळा. फेस आला किंवा बुळबुळीत लागलं तर आणखी एकदा पुसा.

त्यानंतर मॅट जुन्या कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळा आणि हाताने दाबा, म्हणजे बरंच पाणी टॉवेलमध्ये उतरेल. मग मॅट उलगडून दोन खुर्च्यांच्या पाठींवर किंवा जाड दांडीवर टाका, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशी. पंखा लावा. कडक उन्हात ठेवू नका. ऊन जंतूंना मारतं हे खरं, पण रबराला ते ठिसूळ करतं. वाळली की नाही हे हाताने नीट कळत नाही. मॅटवर कागदी रुमाल ठेवून त्यावर पाय देऊन उभे राहा. रुमाल दमट झाला तर अजून वेळ आहे. पाणी पिणाऱ्या मॅटला पावसाळ्यात पूर्ण दिवसही लागू शकतो.

रोज एवढं करायची गरज नाही. रोज व्यायामानंतर साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग नुसत्या पाण्याचं फडकं आणि अर्धा-पाऊण तास उघडी ठेवणं पुरतं. वरचं सविस्तर धुणं आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा करा. मॅट वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. त्यात ती फाटते आणि आतलं पाणी निघता निघत नाही.

रबराचा काळा रंग, पांढरी पूड आणि चिकटपणा

नवीन रबरी डंबेल्स हाताळल्यावर तळवे काळे होतात. हा बहुतेक वेळा रबरात मिसळलेल्या काजळीचा सुटा थर असतो. साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने दोन-तीनदा धुवून, कोरडं करून, सावलीत उघड्यावर ठेवलं की तो कमी होतो. नवेपणाचा उग्र वासही त्यासोबत जातो. जुन्या रबरावर कधी कधी पांढरी पूड दिसते. लोक तिला बुरशी समजतात. अनेकदा ते रबर टिकावं म्हणून आत घातलेलं मेणासारखं द्रव्य पृष्ठभागावर आलेलं असतं. बुरशी ठिपक्यांनी वाढते आणि तिला कुबट वास येतो. ही पूड सगळीकडे सारखी पसरलेली आणि बिनवासाची असते.

काळं जावं म्हणून रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर लावू नका. त्याने रबर फुगतं आणि विरघळून आणखी चिकट होतं. हँडलची पकड किंवा मॅट धुऊनही चिकटच राहत असेल, तर ती मळलेली नाही, तिचं आयुष्य संपलेलं आहे. कुठलंही द्रव्य तिला परत आणणार नाही. ब्लीच वापराल तर डंबेलच्या लोखंडाला गंज चढेल. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

व्यायामाच्या रबरी पट्ट्यांना तेल लागू देऊ नका, खोबरेल तेलाचे हातसुद्धा नकोत. तेलाने त्या कमकुवत होतात. धुतल्यावर पट्टी उजेडासमोर धरून ताणून पाहा. बारीक भेगा दिसल्या की फेकून द्या. ताणलेली पट्टी तुटली की ती चेहऱ्याकडे येते आणि डोळ्याला गंभीर इजा करू शकते.

नायटा पुन्हा पुन्हा होतो तेव्हा

माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाचं उदाहरण देतो. चौतिशीतल्या या बाई घरून काम करतात आणि रोज संध्याकाळी योगासनं करतात. कंबरेभोवती लालसर गोल चट्टे होते, कडेला उठावदार आणि खूप खाजणारे. हा नायटा, म्हणजे गजकर्ण. दुकानातून त्यांनी एक मलम आणलं होतं. लावलं की चार दिवसांत खाज थांबायची, बंद केलं की चट्टे आणखी पसरून परत यायचे. त्या मलमात बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड खाज दाबतं, पण बुरशीला वाढायला मोकळं रान देतं.

मॅटबद्दल विचारलं तेव्हा कळलं की ती सॅनिटायझर मारून रोज लगेच गुंडाळली जायची आणि सकाळी त्यांचे यजमान तीच वापरायचे. यजमानांना बोलावलं. त्यांना दोन महिन्यांपासून जांघेत खाज होती, संकोचामुळे ते बोलले नव्हते. मॅटमुळेच नायटा झाला असं मी म्हणणार नाही, कारण तो माणसाकडून माणसाला, टॉवेलमधून आणि कपड्यांतूनही जातो. पण नायट्याची बुरशी गळून पडलेल्या त्वचेच्या कणांत अनेक महिने टिकू शकते आणि असे कण नुसत्या फवाऱ्याने निघत नाहीत. ते पुसून, धुऊनच काढावे लागतात.

दोघांचे उपचार एकाच वेळी सुरू केले आणि स्टेरॉइडचं मलम बंद केलं. प्रत्येकाची मॅट आणि टॉवेल वेगळे झाले. व्यायामाचे कपडे आणि मॅटवर अंथरायची चादर 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायला सांगितलं, कारण सुती कापडाला ऊन सोसतं. मॅट प्रत्येक वापरानंतर साबणाने पुसली जाऊ लागली. चट्टे दिसेनासे झाल्यावरही मी सांगेपर्यंत औषध थांबवायचं नाही ही अट होती आणि ती दोघांनी पाळली. त्यानंतर चट्टे परतले नाहीत. यातल्या कुठल्या एका गोष्टीने गुण आला हे सांगता येणार नाही. म्हणून माझा आग्रह सगळ्यांचाच असतो.

घरात कुणाला नायटा, पुटकुळ्या किंवा पू असलेली जखम असेल तर तेवढे दिवस मॅट कुणाबरोबरही वाटू नका. व्यायाम करताना जखम झाकून ठेवा. अशा वेळी आधी साबणाने धुऊन मग मॅटच्या उत्पादकाने चालेल असं सांगितलेलं जंतुनाशक वापरायला माझी हरकत नाही. जंतुनाशकाची जागा धुण्यानंतरची आहे, धुण्याऐवजी नाही.

खाज सुटलेली प्रत्येक जागा नायट्याची नसते. डंबेलच्या पकडीला लागणारे तळवे, पट्टी घासते ती बोटं, अशा नेमक्या जागी पुरळ येत असेल आणि ती वस्तू दोन-तीन आठवडे बाजूला ठेवल्यावर बरं वाटत असेल, तर रबरातल्या रसायनांची ॲलर्जी असू शकते. तिथे कितीही धुतलं तरी फायदा नाही, वस्तू बदलावी लागते. खात्रीसाठी पॅच टेस्ट करता येते. पुरळ कोणतीही असो, दुकानातलं मलम स्वतःहून लावून दोन आठवडे घालवू नका. मलम लावलेला नायटा ओळखणं आम्हालाही अवघड जातं.