पावसात वाहून गेलेले नऊ दिवस आणि ‘नॉन-रिफंडेबल’चा शिक्का

मंडळी, पोस्ट जरा लांबली आहे. पण ज्यांची मुलं सुट्टीत कुठल्या ना कुठल्या शिबिराला जातात त्यांनी शेवटपर्यंत वाचा. दिवाळीच्या शिबिरांचे फॉर्म यायच्या आधी हे बोलून घ्यायला हवं.

२०२५चा मे आठवतोय ना? वीस तारखेपासूनच पुण्यात धो धो पाऊस आणि २६ मेला तर मान्सून मुंबईतही दाखल. माझा मुलगा तेव्हा फुटबॉल शिबिरात होता. २ ते ३० मे, रविवार सोडून २५ सत्रं, फी ६,००० रुपये. त्यातले १,००० नोंदणी आणि किटचे. उरलेल्या ५,००० चे २५ भाग केले की एका सत्राचे होतात २०० रुपये. यातली सात सत्रं सरळ रद्द झाली आणि दोन वेळा मुलांना पार्किंगमध्ये बसवून मोबाईलवर जुन्या मॅचेस दाखवल्या. म्हणजे मैदानावरचे नऊ दिवस गेले. पैशांचं विचारलं तर उत्तर आलं, ‘पाऊस आमच्या हातात नाही, फॉर्मवर नॉन-रिफंडेबल लिहिलंय.’

आता न्यायाने बोलायचं तर आयोजकाचंही थोडं खरं आहे. मैदानाचं भाडं महिन्याचं आगाऊ भरलेलं असतं. कोचला पाऊस पडला म्हणून अर्धा पगार देता येत नाही, देऊही नये. टी-शर्ट छापून झालेले असतात. तेव्हा नऊच्या नऊ दिवसांचे १,८०० रुपये परत द्या असं मी म्हणत नाही. पण सगळा तोटा पालकानेच का सोसायचा? मे अखेरीस वळीव येतो हे आयोजकाला दरवर्षी दिसतं. राखीव दिवस ठेवणं, जवळचा हॉल बोलून ठेवणं, शिबिर एप्रिलमध्येच उरकणं हे तोच करू शकतो. आपण फक्त फी भरतो.

माझ्या मते वाजवी अट अशी. पहिली दोन सत्रं पावसात गेली तर पालकाने सोडून द्यावीत. त्यापुढच्या प्रत्येक सत्राची बदली तारीख द्यावी, नाहीतर पाऊणपट पैसे परत करावेत. आमच्या हिशेबात उरली सात सत्रं, दीडशेप्रमाणे १,०५० रुपये. आयोजकाचं दिवाळं निघत नाही आणि पालकालाही फसवल्यासारखं वाटत नाही. बदली तारीख शाळा सुरू व्हायच्या आत हवी. ‘पुढच्या वर्षी अॅडजस्ट करू’ हा पर्याय पालकाने मागितला तरच. पुढच्या वर्षी पोरगं फुटबॉल सोडून तबल्याला जाईल, कोणी सांगावं!

खरी भांडणं होतात ती ‘सत्र झालं’ कशाला म्हणायचं यावर. वीस मिनिटं खेळून पाऊस आला तर? ठरलेल्या वेळेच्या निम्म्याहून कमी खेळ झाला तर ते सत्र धरायचं नाही, एवढं एक वाक्य फॉर्मवर असलं की पुरे. आणि विजा कडाडत असताना सत्र ‘भरवण्यासाठी’ मुलांना मैदानात थांबवणं हा तर गुन्हाच समजा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मैदान रिकामंच हवं. पैसे परत करायची अट स्पष्ट असली की कोचवर तो दबावही राहत नाही.

पालकाने स्वतःहून नाव काढलं तर हिशेब वेगळा. शिबिर सुरू व्हायच्या आठवडाभर आधी सांगितलं तर नोंदणीची रक्कम सोडून बाकी मिळावं. नंतर काढलं आणि वेटिंग लिस्टमधल्या मुलाला ती जागा दिली, तर उरलेल्या सत्रांचे पैसे ठेवून घेण्याचं कारणच काय? एकाच जागेची फी दोनदा घेणं झालं ते. मुलाला दुखापत झाली आणि डॉक्टरांचा दाखला असेल तर तिथेही उरलेली सत्रं मोजावीत.

फॉर्मवर छापलं म्हणजे कायदा झाला असंही नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ नावाची तरतूद आहे, पण अटच अनुचित ठरवून घ्यायची तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. हजार रुपयांसाठी कोण जाणार? सेवेतल्या त्रुटीची तक्रार मात्र आपल्या जिल्हा आयोगात करता येते, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाईनला फोन करा. पावती, फॉर्मचा फोटो आणि ‘आज सत्र नाही’ हे ग्रुपवरचे मेसेज जपून ठेवा. आमच्या ग्रुपवर ते नंतर डिलीट झाले होते, म्हणून सांगतोय.

शेवटी आयोजकाशी समोरासमोर बोललो. माणूस वाईट नाही. म्हणाला, ‘दादा, मैदानवाला मला एका दिवसाचंही भाडं सोडत नाही.’ मग ती अट आधी मैदानवाल्याकडून लिहून घ्या, म्हटलं. दिवाळीचा फॉर्म छापायच्या आधी दाखवतो म्हणालाय. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस त्यात धरलाय का, ते मी पहिलं बघणार आहे.