मोडीचे मधले आठवडे

आमच्या इतिहास विभागातील मोडीच्या वर्गाला जुलैत बाके पुरत नाहीत आणि गणपतीच्या सुटीनंतर निम्मी बाके रिकामी पडतात. याचे खापर सहसा विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडले जाते. हे निदान मला मान्य नाही. त्या वर्गात मी बारा आठवडे बसलो आहे. माझे मत असे की मुले कंटाळतात ती मधल्या आठवड्यांत आपण किती पुढे आलो हे कळण्याची कोणतीच खूण नसते म्हणून.

पहिला पंधरवडा मजेत जातो. आधी पानभर शिरोरेघा ओढायच्या आणि मग त्यांना अक्षरे लटकवायची, यातच गंमत असते. रोज चार-पाच अक्षरे हाती लागतात. मग तिसऱ्या आठवड्यात पेशवेकाळातील खरे पत्र समोर येते. शब्दाशब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, हात न उचलता ओढलेली अक्षरे एकमेकांत मिसळलेली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिपीच पाळत नाही, त्यामुळे ‘दिन’ की ‘दीन’ हे संदर्भावरून ठरवायचे. एका ओळीला अर्धा तास लागतो. चौथ्यापासून नवव्या आठवड्यापर्यंत रोज हेच, आणि आजचा अर्धा तास कालच्यासारखाच वाटतो. दप्तरातला एखादा रुमाल सोडून सरळ वाचत जावे हे ध्येय तिथून दिसतही नाही.

बांडुरा आणि शुंक या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजाबाकीत फार मागे पडलेल्या मुलांना ४२ पानांचे काम सात बैठकांसाठी दिले. काहींना सांगितले, दर बैठकीला सहा पाने करा; काहींना, शेवटपर्यंत सगळी ४२ करा. काम तेच, पण सहा पानांची मुले सरस ठरली आणि त्यांना वजाबाकीची गोडीही लागली. ४२ पानांचे दूरचे ध्येय मिळालेली मुले ध्येयच न दिलेल्या मुलांहून फारशी पुढे गेली नाहीत.

मोडीत ही ‘सहा पाने’ कोणती? ‘रोज दोन तास’ हा टप्पा मला पोकळ वाटतो. दोन तास बसून काहीच न वाचता येणे सहज शक्य आहे. टप्पा पत्रातच शोधावा. मी चौथ्या आठवड्यासाठी फक्त मायना धरला: ‘राजश्री’पासून ‘विनंति उपरि’पर्यंत न अडखळता वाचायचे, बाकी पत्राकडे पाहायचेही नाही. पाचव्या आठवड्यात फक्त कालगणना. ‘इहिदे सितैन मया अलफ’ या चार शब्दांशी मी तीन दिवस झुंजलो. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार; एकूण ११६१, हे शुहूर सन. ते मृगाच्या सुमारास सुरू होते, म्हणून त्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ आणि पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंतच्या पत्राला ६०० मिळवायचे. उत्तर आले १७६०-६१. म्हणजे पानिपताचे वर्ष! बाकीचे पत्र अजून बंदच होते, पण त्या दिवशी मी वसतिगृहावर जेवायला उशिरा पोचलो तो आनंदाने.

सहाव्या आठवड्यापासून मी दहा ओळींत किती अक्षरांवर अडलो ते वहीच्या समासात लिहू लागलो. पहिला आकडा एकतीस होता, नवव्या आठवड्यात अकरा. रोजच्या रोज हा आकडा हलत नाही, एखाद दिवशी वाढतोही; म्हणून तो शनिवारीच काढावा. आणि पत्रे एकाच हाताची घ्यावीत. लेखक बदलला की वळण बदलते, अकराचे पुन्हा वीस होतात आणि विद्यार्थ्याला वाटते की केलेले सारे वाया गेले.

या पद्धतीत एक खोट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मायना सर्व पत्रांत जवळजवळ तोच असल्याने तो पाठ होतो, आणि टप्पा गाठल्याचा भास होतो. डोळा कागदावर असतो, पण जीभ आठवणीतून बोलत असते. हे ओळखायला मी ओळ मागून वाचतो: शेवटच्या अक्षरापासून एकेक अक्षर उघडत उजवीकडून डावीकडे, कागदाच्या चिटोऱ्याने बाकीचे झाकून. अर्थाचा आधार सुटला की खरी ओळख उरते. आमच्यातले एक-दोघे मायना धडाधड म्हणत, पण ‘राजश्री’तला ‘ज’ एकटा दाखवला की गप्प होत. त्यांनी तो टप्पा ओलांडला असे मी मानणार नाही. त्यांनी आणखी एक आठवडा मायन्यावरच काढावा.

दहाव्या आठवड्यानंतर मात्र समासातले आकडे लिहिणे मी बंद केले. पत्रात कुणाचे कर्ज कुणाकडे थकले आहे हे कळू लागले होते आणि पुढचे पान उलटायला तेवढे कारण पुरत होते.