विश्लेषण : ‘इतर संबंधित कारणांसाठी’ म्हणजे नेमके कशासाठी? लहान अ‍ॅपचे गोपनीयता धोरण तपासताना…

‘आम्ही तुमच्या गोपनीयतेचा आदर करतो’ या वाक्याने सुरू होणारे धोरण जवळपास प्रत्येक अ‍ॅपमध्ये असते. नागपुरातील मेस, अभ्यासिका, दूध किंवा ट्यूशनसाठी दोन-तीन जणांनी मिळून बनवलेली अ‍ॅपही त्याला अपवाद नाहीत. प्ले स्टोअरवर अ‍ॅप चढवताना धोरणाची लिंक मागितली जाते म्हणून कुठून तरी नमुना उचलायचा, नाव बदलायचे आणि पुढे जायचे, अशी ही रीत. धोरण जितके मोघम तितके आपण सुरक्षित, असा समज त्यामागे असतो. भारतीय कायद्याने मात्र हा समज उलटा पाडला आहे.

कायदा काय सांगतो?

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. मूळचे नागपूरचे न्या. शरद बोबडे त्या पीठावर होते आणि त्यांनी स्वतंत्र, सहमतीचे निकालपत्र लिहिले होते. त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अ‍ॅपचालकांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील.

या कायद्याच्या कलम ६ मध्ये एक उदाहरण दिले आहे. एका महिलेने फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणारे अ‍ॅप घेतले. अ‍ॅपने दोन गोष्टींची संमती मागितली : उपचारासाठी तिची माहिती वापरण्याची आणि तिच्या फोनमधील संपर्क यादी पाहण्याची. तिने दोन्हींना होकार दिला. तरीही तिची संमती उपचारापुरतीच धरली जाईल, कारण सल्ला देण्यासाठी संपर्क यादी लागत नाही. म्हणजे ‘मान्य आहे’ हे बटण दाबून घेतले तरी गरजेपलीकडची संमती टिकत नाही. शिवाय वाद झालाच, तर योग्य सूचना देऊन संमती घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी अ‍ॅपचालकावर आहे. ज्या वाक्यातून हेतूच कळत नाही, ते वाक्य पुरावा म्हणून दाखवायचे कसे?

एक मसुदा तपासून पाहू

समजा, हिंगणा रोडच्या परिसरातील विद्यार्थ्यांसाठी एक मेस-अ‍ॅप आहे. डबा नोंदवायचा, सुटी कळवायची, महिन्याचे पैसे भरायचे, इतकेच त्याचे काम. त्याच्या धोरणाच्या मसुद्यात ही चार वाक्ये आहेत :

१. सेवा सुधारण्यासाठी आणि इतर संबंधित कारणांसाठी आम्ही तुमची माहिती वापरू शकतो.
२. आवश्यकतेनुसार ती विश्वासू भागीदारांना दिली जाऊ शकते.
३. गरज असेल तोवर माहिती साठवली जाईल.
४. अ‍ॅप वापरणे म्हणजे या अटी मान्य असणे.

पहिल्या वाक्यात ‘माहिती’ म्हणजे कोणती, हेच नाही. नियमांनुसार सूचनेत डेटाची बाबवार यादी आणि तो कशासाठी, कोणत्या सेवेसाठी घेतला जातो, हे सोप्या भाषेत यावे लागते. त्यामुळे हे वाक्य असे फोडावे लागेल : ‘मोबाइल क्रमांक लॉगिनसाठी घेतो. खोलीचा पत्ता डबा पोहोचवण्यासाठी घेतो. सुटीच्या तारखा बिलातून पैसे वजा करण्यासाठी ठेवतो.’ असे लिहायला बसले की गाडी एका ठिकाणी अडते. अ‍ॅप फोनची संपर्क यादीही मागते, ती कशासाठी? ‘मित्राला बोलवा’ या सोयीसाठी, असे उत्तर येईल. मग डबा मिळण्यासाठी ती लागत नाही. परवानगी नाकारणाऱ्यालाही डबा मिळाला पाहिजे. खरे तर लिंक पाठवण्याचे साधे बटण दिले, तर संपर्क यादीची गरजच उरत नाही.

दुसऱ्या वाक्यातील ‘विश्वासू भागीदार’ बहुतेक वेळा लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतात. ते शोधायचे तर धोरण बाजूला ठेवून अ‍ॅपच्या बांधणीकडे पाहावे लागते. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये AndroidManifest.xml उघडून Merged Manifest हा भाग पाहिला, की बाहेरून जोडलेल्या तयार संचांनी आणलेल्या परवानग्याही दिसतात. जाहिरातींचा किंवा वापर मोजण्याचा गुगलचा संच जोडला असेल, तर डेव्हलपरने स्वतः एक अक्षरही न लिहिता तिथे AD_ID ही परवानगी आलेली असू शकते. तिच्यामुळे फोनचा जाहिरात-ओळख क्रमांक वाचता येतो. मेसला त्याची गरज नसेल, तर ती परवानगी एका ओळीने काढता येते :

```
<uses-permission android:name="com.google.android.gms.permission.AD_ID"
    tools:node="remove" />
```

गरज असेल, तर धोरणात लिहावे लागेल : ‘जाहिराती दाखवण्यासाठी फोनचा जाहिरात-ओळख क्रमांक अमुक कंपनीला जातो.’ माहिती कोणाकोणाला दिली याची नावे सूचनेतच छापा, असे आपला कायदा म्हणत नाही. मात्र संमती दिलेल्या वापरकर्त्याने विचारले, तर ती नावे सांगावीच लागतात. विचारल्यावर सांगायचेच आहे, तर आधी लिहिण्यात तोटा कोणता?

तिसऱ्या वाक्यात मुदत नाही. गंमत अशी, की ‘खाते बंद करताच सगळी माहिती पुसली जाईल’ हे उदार वाक्यही चुकीचे ठरू शकते. नव्या नियमांनुसार वैयक्तिक डेटा आणि त्यावर झालेल्या प्रक्रियेच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या आहेत आणि बिलांचे कागद करकायद्यांसाठी त्याहून अधिक काळ लागतात. म्हणून प्रत्येक गोष्टीची मुदत वेगळी लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग. पत्ता आणि प्रक्रियेच्या नोंदी वर्षभर राहतील, बिले करकायद्याच्या मुदतीपर्यंत राहतील.

चौथे वाक्य तर काढूनच टाकावे. संमती स्पष्ट कृतीतून यायला हवी. नुसते अ‍ॅप वापरले म्हणून ती गृहीत धरता येत नाही.

हक्क कुठे शोधायचे?

मोघम वाक्य निदान डोळ्यांना दिसते. गाळलेला हक्क दिसत नाही, म्हणून तो नावाने शोधावा लागतो. आपली कोणती माहिती आहे आणि ती कोणाला दिली हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा, दिलेली संमती मागे घेण्याचा, तक्रारीचे उत्तर मिळवण्याचा आणि आपल्या पश्चात हे हक्क वापरण्यासाठी कोणाला तरी नेमण्याचा, असे हे हक्क आहेत. उचललेल्या नमुन्याची खूण इथेच सापडते. मसुद्यात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी परिच्छेद असतो आणि नागपूरच्या विद्यार्थ्यासाठी एक ओळही नसते.

हक्काचे नुसते नाव लिहूनही भागत नाही. प्रत्येक हक्कासमोर तीन गोष्टी हव्यात : कुठे जायचे, काय द्यायचे आणि उत्तर किती दिवसांत मिळणार. ‘प्रश्न असल्यास संपर्क साधा’ यात तिन्ही नाहीत. नियमांनी तक्रार निवारणाला जास्तीत जास्त ९० दिवसांची मर्यादा घातली आहे. तिथे दाद मिळाली नाही, तर डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येते आणि त्याची वाटही सूचनेतच सांगावी लागते. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. ‘मान्य आहे’ एका टिचकीत आणि रद्द करायला मेसच्या काउंटरवर लेखी अर्ज, हे चालणार नाही. खाते उघडू देणाऱ्या अ‍ॅपने ते बंद करण्याची सोय अ‍ॅपमध्येही आणि वेब लिंकवरही द्यावी, असा गुगल प्लेचाही नियम आहे.

मेस-अ‍ॅपच्या मसुद्यात आणखी एक मोठी जागा रिकामी आहे. अकरावी-बारावीच्या क्लाससाठी नागपुरात राहायला आलेली मुलेही डबा लावतात आणि कायद्याच्या लेखी १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्यांच्यासाठी पडताळता येईल अशी पालकांची संमती लागेल. त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. जाहिरातींचा तो संच इथे पुन्हा आडवा येतो.

शब्द आणि कृती वेगळी पडली तर?

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ या अँड्रॉइड अ‍ॅपवर कारवाई केली. फोनचा दिवा लावणे एवढेच त्या अ‍ॅपचे काम होते. गोळा केलेली माहिती कंपनी वापरेल, असे धोरणात म्हटले होते. प्रत्यक्षात वापरकर्त्याचे अचूक ठिकाण आणि फोनचा ओळख क्रमांक जाहिरात कंपन्यांपर्यंत जात होता. अटींना होकार की नकार, हे बटण दाबण्याआधीच अ‍ॅप माहिती पाठवू लागत असे. तडजोडीत गोळा केलेली माहिती पुसण्याची अट कंपनीला मान्य करावी लागली. धोरणातील शब्द आणि अ‍ॅपची कृती समोरासमोर ठेवल्यावरच हे उघड झाले.

अशी तुलना सामान्य वापरकर्त्यालाही काही अंशी करता येते. प्ले स्टोअरवरील Data safety हा भाग, फोनच्या सेटिंग्जमधील परवानग्यांची यादी आणि धोरण हे तिन्ही शेजारी ठेवावे. एकात ठिकाणाचा उल्लेख आहे आणि दुसऱ्यात नाही, तर तिथे बोट ठेवावे. या तपासणीला मर्यादा आहे. माहिती सर्व्हरवर पोहोचल्यानंतर तिचे काय होते, हे बाहेरून दिसत नाही. म्हणूनच लेखी शब्द नेमका असणे महत्त्वाचे. मोडलेले वचन दाखवून देता येते, न दिलेले वचन दाखवता येत नाही.

‘आम्ही लहान, आमच्याकडे वकील कुठे?’ हा प्रश्न खरा आहे. काही स्टार्टअपना ठरावीक तरतुदींतून अधिसूचनेद्वारे सूट देण्याची मुभा कायद्याने सरकारला दिली आहे. पण केवळ लहान असल्यामुळे सूट आपोआप मिळत नाही. आणि वरच्या चार वाक्यांपैकी एकही दुरुस्त करायला वकील लागला नाही. आपले अ‍ॅप काय घेते, कोणाला देते आणि कधी पुसते, एवढे डेव्हलपरला माहीत असावे लागते. ते त्यालाच माहीत नसेल, तर तक्रार भाषेची नाही, अ‍ॅपची आहे. धोरण दुरुस्त करण्याआधी मग अ‍ॅप दुरुस्त करावे लागेल, आणि त्यासाठी मे २०२७ ची वाट पाहण्याचे कारण नाही.